चालत्या गाडीत चालताना लागणारा वेळ कसा काढावा

पुण्याहून सोलापूरला येताना मोहोळ मागे पडलं की लोक बॅगा घेऊन डब्यांतून पुढे सरकू लागतात. जिन्याजवळचा डबा गाठायचा असतो. गाडीचा वेग ताशी ७२ किमी आणि तुम्ही सेकंदाला १.२ मीटर चालताय असं धरू.

आधी एकच ठरवा: अंतर कशावर मोजलंय, गाडीवर की जमिनीवर? बहुतेक चुका इथेच होतात.

सहा डबे पुढे जायचंय आणि एक डबा साधारण २४ मीटरचा आहे, म्हणजे १४४ मीटर. हे अंतर गाडीवरच मोजलंय. त्यामुळे फक्त तुमचा वेग घ्या: १४४ ÷ १.२ = १२० सेकंद. गाडी ७२ ने धावो की सिग्नलला उभी राहो, उत्तर हेच. या उत्तरात गाडीचा वेग शिरला असेल तर गणित चुकलंय. (दरवाज्यात ठेवलेल्या बोचक्यांना लागणारा वेळ मात्र वेगळा धरा.)

आता रुळाशेजारचे किलोमीटरचे दगड घ्या. एका दगडापासून पुढच्यापर्यंत १००० मीटर, आणि हे अंतर जमिनीवरचं. इथे वेग एकत्र करायचे, पण त्याआधी एकक एक करा. ७२ आणि १.२ ची थेट बेरीज करून ७३.२ लिहिणारे पुष्कळ आहेत. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की सेकंदाचे मीटर मिळतात, म्हणून गाडीचा वेग २० मीटर.

गाडीच्या दिशेने चालत असाल तर २० + १.२ = २१.२, आणि वेळ १००० ÷ २१.२, म्हणजे सुमारे ४७.२ सेकंद. मागच्या डब्याकडे निघालात तर २० − १.२ = १८.८, वेळ सुमारे ५३.२ सेकंद. जागेवर बसून राहिलात तर ५० सेकंद.

पडताळा घ्यायचा तर असा: ४७.२ सेकंदांत गाडी ९४४ मीटर जाते, तुम्ही गाडीत सुमारे ५७ मीटर चालता. बेरीज १००१. जास्तीचा मीटर ४७.२ आणि ५७ या गोळाबेरजांमुळे आला.

ही बेरीज-वजाबाकी रुळाच्या दिशेने चालतानाच चालते. खिडकीकडून समोरच्या खिडकीकडे आडवं गेलात तर पुढे जाण्याच्या वेगात भर पडत नाही. गाडीचा वेग कमी-जास्त होत असेल तर त्या वेळेतला सरासरी वेग घ्या.

विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यालाही हाच नियम. ६० मीटरचा पट्टा सेकंदाला ०.५ मीटर सरकतोय आणि तुम्ही १ मीटरने चालताय, तर ६० ÷ १.५ = ४० सेकंद. नुसतं उभं राहिल्यास १२०, शेजारच्या फरशीवरून चालल्यास ६०. या दोन वेळांची सरासरी ९० काढू नका. वेग मिळवायचे असतात, वेळ नाही.