सारांशाचा सारांश: ‘बघू’चं ‘ठरलं’ कसं झालं

आमच्या चॅटबॉटची मेमरी भरली की जुना सारांश आणि नवे मेसेज एकत्र करून नवा सारांश तयार व्हायचा. मूळ मेसेज होता: ‘टाइमआउट ३० सेकंद करून बघू, पण फक्त टेस्ट सर्व्हरवर.’ पहिल्या सारांशात ‘टेस्टसाठी टाइमआउट ३० सेकंद’ उरलं, पुढच्यात ‘टाइमआउट ३० सेकंद ठरला’. आकडा शाबूत, अट गायब. हेच जास्त घातक, कारण बरोबर आकडा पाहून कुणाला शंकाच येत नाही.

आता सारांशावरून सारांश करणं बंद केलं. मूळ मेसेज क्रमांकासह जपून ठेवतो, दर वेळी त्यांच्यावरूनच तुकड्यातुकड्याने सारांश करतो आणि प्रत्येक ओळीपुढे मेसेजचा क्रमांक लिहितो. मग ती ओळ मूळ मेसेजशेजारी ठेवून वाचायची. आधार नसेल तर काढून टाकायची.

याने चुकीचं पकडलं जातं, गळालेलं नाही. म्हणून उलटीही तपासणी करतो: मूळ मजकुरात ‘फक्त’, ‘नको’, ‘पर्यंत’, ‘बघू’ शोधायचं आणि ती वाक्यं सारांशात आली आहेत का ते पाहायचं. सगळ्यात जास्त गळती ‘बघू’ची निघाली. अशी वाक्यं आता सारांशात जशीच्या तशी, अवतरणात ठेवतो.