घोंगडीची चिठ्ठी: गोष्ट सांगा, पण माप लपवू नका

आटपाडीकडच्या एका विणकर काकांच्या घोंगड्या सांगलीच्या प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा सोबतची चिठ्ठी मी लिहिली होती. आजोबांचा माग, माणदेशातला दुष्काळ, मेंढरांमागची वणवण, सगळं त्यात होतं. एका बाईंनी ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "दोघांना पुरेल का हो?" माप तळाशी होतं, घडीखाली गेलेलं.

तेव्हापासून मी पेनाआधी टेप हातात घेतो. घोंगडी जमिनीवर सैल पसरून मोजायची, ताणून नाही. हातमागाच्या दोन नगांत बोट-दोन बोटं फरक असतोच, म्हणून प्रत्येक नग वेगळा मोजायचा आणि काट्यावर तोलायचा. माप, वजन, किंमत आणि धुण्याची रीत पहिल्या दोन ओळींत येऊ द्या.

मग विणकराशी बोला. "तुमची परंपरा सांगा" म्हटलं की सगळे तेच ते सांगतात. त्यापेक्षा नगावर बोट ठेवून विचारा: ही लोकर कुणाच्या मेंढरांची? रंग दिलाय का? सूत घरी कातलं की विकत आणलं? विकतचं असेल तर 'हाताने विणलेली' लिहा, 'हाताने कातलेली' नको. जाणकार गिऱ्हाईक सुताची जाडी बघूनच ओळखतं.

बोलण्यातून पाच-दहा गोष्टी निघतात. त्यांतली जी गिऱ्हाइकाची शंका फेडते, तेवढीच ठेवायची. आमच्याकडे लोक नव्या घोंगडीवर हात फिरवायचे आणि "फार कडक आहे" म्हणून परत ठेवायचे. काकांना विचारलं तर म्हणाले, "खळ हाय ती." विणताना सूत तुटू नये म्हणून ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. तीच नव्या घोंगडीला कडक ठेवते. आम्हाला हवी ती गोष्ट हीच होती.

नवी चिठ्ठी अशी झाली:

"काळी घोंगडी. ८ फूट × ४ फूट, एकट्याला पुरते. वजन अडीच किलो. किंमत २,८०० रुपये.
गार पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा.
रंग दिलेला नाही; लोकर काळ्या मेंढरांचीच.
ताण्याला चिंचोक्याची खळ आहे, म्हणून आधी कडक लागेल, वापरून मऊ पडेल. लोकर मात्र थोडी टोचतेच, अंगाला लागून चादर घ्या."

टोचण्याचं वाक्य काकांना पटलं नव्हतं. मी हट्टाने ठेवलं, कारण ते न सांगता विकलेली घोंगडी आठवड्यात परत येते.

शेवटी चिठ्ठी घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या, उलटी ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा: केवढी आहे? धुवायची कशी? अडखळले तर पहिल्या दोन ओळी पुन्हा लिहा.

आजोबांचा माग चिठ्ठीतून गेला. तो आता काका स्वतःच सांगतात, विकलेल्या घोंगडीला सुतळी बांधता बांधता.