कॉल ऑप्शन असलेला रोखा घेताना परतावा कसा तपासावा

उसाचे बिल जमा झाल्यावर किंवा निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर मुदत ठेवीपेक्षा अधिक व्याज देणारा रोखा घेण्याकडे कोल्हापुरात अनेकांचा कल असतो. रोखा दहा वर्षांचा असला, तरी व्याज दहा वर्षे मिळेलच असे नाही.

आधी माहितीपत्रकातील ‘कॉल ऑप्शन’ हा रकाना पाहावा. तो असेल, तर ठरलेल्या तारखेपासून रोखा मुदतीपूर्वी फेडण्याचा अधिकार कंपनीकडे असतो आणि त्या तारखेपर्यंतचा काळ म्हणजे कॉल संरक्षण. पुट ऑप्शन, म्हणजे मुदतीपूर्वी पैसे परत मागण्याचा अधिकार, मात्र गुंतवणूकदाराच्या हातात असतो. दोहोंची गल्लत करू नये. संरक्षणाच्या काळातही करविषयक किंवा नियामक बदल झाल्यास परतफेडीची मुभा देणारे कलम काही रोख्यांत असते, म्हणून केवळ तारीख वाचून थांबू नये.

त्यानंतर कंपनीच्या बाजूने हिशेब मांडावा. समजा, तिने 9.5 टक्क्यांनी 100 कोटी रुपये उभारले आहेत आणि पाच वर्षांनी तिला तेवढेच कर्ज 7.5 टक्क्यांनी मिळते. जुने रोखे दर्शनी किमतीला फेडल्यास तिचे वर्षाला दोन कोटींचे व्याज वाचते. उरलेल्या पाच वर्षांत ही बचत, कर धरण्यापूर्वी, दहा कोटींची होते. नव्या विक्रीचा खर्च याहून बराच कमी असेल, तर ती रोखे परत घेणारच. दर वाढले, तर मात्र ती गप्प बसते आणि आपण कमी व्याजात अडकून राहतो. व्यवहार असा एकतर्फी असल्यामुळेच अशा रोख्यावर सुरुवातीला थोडे जास्त व्याज दिलेले असते.

खरी चूक होते ती बाजारातून जुना रोखा विकत घेताना. शाहूपुरीतील एखाद्या गुंतवणूकदाराला वार्षिक 95 रुपये व्याजाचा, 1,000 रुपये दर्शनी किमतीचा रोखा 1,060 रुपयांना मिळतो आहे, असे समजू. मुदत संपण्यास सात वर्षे, तर कॉलच्या तारखेस दोनच वर्षे उरली आहेत. मुदतीपर्यंतचा परतावा सुमारे 8.3 टक्के दिसतो आणि जाहिरातीत बहुधा हाच आकडा असतो. परंतु दोन वर्षांनी 1,000 रुपयेच परत आले, तर जास्तीचे 60 रुपये सात वर्षांऐवजी दोनच वर्षांत भरून निघायला हवेत. त्यामुळे परतावा सुमारे 6.2 टक्क्यांवर येतो. दोन्हींपैकी कमी असलेला आकडा धरून त्याची तुलना त्याच दोन वर्षांच्या ठेवीच्या दराशी करावी. अशा रोख्याची बाजारातील किंमत, दर कितीही उतरले तरी, कॉलच्या किमतीपेक्षा फार वर चढत नाही, तेही याच कारणाने.

शेवटी सूचनेची मुदत आणि परतफेडीची किंमत पाहून ठेवावी. कॉलच्या तारखेपासून व्याज थांबते आणि रक्कम डीमॅट खात्याशी जोडलेल्या बँक खात्यात येते. ते खाते जुने किंवा बंद असेल, तर पैसे बिनव्याजी पडून राहतात.