नववीच्या वर्गात जोडी-शिकवणी बसवताना: बीड जिल्ह्यातला माझा तीन वर्षांचा अनुभव

मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. लेकरांनीच एकमेकांना शिकवायचं अशी जोडी-शिकवणी मी गेली तीन वर्षं नववीला चालवतोय. पहिलं वर्ष पार फसलं, दुसऱ्या वर्षी निम्मं जमलं, तिसऱ्या वर्षी दाखवता येईल असं काहीतरी हाती आलं. नव्यानं सुरू करणाऱ्या शिक्षकांनी माझ्याच चुका परत करू नयेत म्हणून हे लिहितोय.

पहिल्या वर्षी मी जे सगळ्यांच्या डोक्यात आधी येतं तेच केलं, म्हणजे पहिल्या नंबरचं लेकरू शेवटच्या नंबरच्या शेजारी बसवलं आणि "याला शिकव" म्हणून सांगितलं. दोन आठवड्यांत मागच्या लेकरांच्या वह्या एकदम नीटनेटक्या झाल्या, सगळी उत्तरं बरोबर, कुठं खाडाखोड नाही, आणि मी खूश. घटक चाचणीत तीच लेकरं परत तिथंच. तेव्हा कळलं की वही स्वच्छ दिसतेय याचा अर्थ शेजारचा उत्तर सांगतोय आणि हा लिहून घेतोय. आता मी वही हातात घेतली की आधी खाडाखोड शोधतो, पानावर काटलेलं काहीच नसेल तर त्या जोडीशेजारी जाऊन बसतो.

म्हणजे चुकलेल्या लेकराला शेजारचा काय म्हणतो यावर सगळं आहे. जोड्या, ट्रेनिंग, तपासणी हे त्या एका क्षणासाठीच.

एक उदाहरण घेतो, आमच्याकडं हे वर्गात निम्म्या लेकरांचं चुकतं. −3 − 5 किती? उत्तर येतं 8. का, तर "मायनस मायनस प्लस" हे गुणाकाराचं सूत्र पाठ झालेलं असतं आणि दोन वजा चिन्हं दिसली की लेकरू ते तिथं लावतं. इथं शिकवणारा मुलगा काय म्हणतो? ट्रेनिंग नसेल तर म्हणतो, "अरे −8 येतंय, लिही." फार तर म्हणतो, "बेरीज करून मायनस लाव." म्हणजे त्यानं अजून एक पाठ करायचं सूत्र दिलं, आधीचं तसंच राहिलं, आणि परवाच्या दिवशी दोन्ही सूत्रं एकमेकांत मिसळणार.

म्हणून ट्रेनिंग. चार तासिका घेतो, प्रत्येकी 35 मिनिटांची, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि सगळ्या वर्गाचं घेतो, नुसत्या हुशार लेकरांचं नाही, कारण पुढं जोडीत दोघंही आळीपाळीनं शिकवणारे होतात. पहिल्या तासाला मी स्वतः चुकणारा विद्यार्थी होतो. फळ्यावर −3 − 5 = 8 लिहितो आणि अडून बसतो, "मायनस मायनस प्लसच असतंय की, गाईडात आहे." लेकरांनी मला उत्तर न सांगता बाहेर काढायचं. पहिली दहा मिनिटं सगळा वर्ग ओरडून उत्तरच सांगतो. मग हळूहळू एखादी पोरगी म्हणते, "सर, दुकानात तुमची 3 रुपये उधारी हाय, आज अजून 5 ची उधारी केली, तर दुकानदाराला आता किती द्यायचे?" हा इशारा झाला, उत्तर नाही झालं. हा फरक लेकरांच्या तोंडून एकदा निघाला की पुढचं सोपं जातं.

बाकीच्या तीन तासांत एवढंच घोटायचं: समोरचा चुकला की आधी गप्प, मनात दहापर्यंत मोजायचं, कारण बरीच लेकरं तेवढ्यात स्वतःच दुरुस्त करतात. नाही झालं तर "कसं केलंस ते सांग". मग एक इशारा. तरी अडलं तर दुसरं सारखंच उदाहरण, समजा −2 − 6, आपण सोडवून दाखवायचं, आणि मग मूळचं गणित त्याच्याकडून पहिल्यापासून करून घ्यायचं. या शेवटच्या पायरीला लेकरं हमखास गाळतात, "कळलं का" "कळलं" करून पुढं जातात, म्हणून मी तिथंच सगळ्यात जास्त टोकतो.

आणि एक नियम असा आहे की त्यानं माझं अर्धं काम केलं: जोडीत पेन एकच, आणि ते शिकणाऱ्याच्या हातात. शिकवणाऱ्याचं पेन दप्तरात. उदाहरण दाखवायचं असेल तेवढ्यापुरतं मागून घ्यायचं आणि परत द्यायचं. लांबून वर्गावर नजर फिरवली तरी कुठल्या जोडीत पेन चुकीच्या हातात आहे ते दिसतं.

शिकवणाऱ्यालाच चुकीचं येत असेल तर? हा प्रश्न मला प्रत्येक शिक्षक विचारतो. त्यासाठी उत्तरांचं कार्ड देतो, घडी घातलेलं, आणि ते शिकणाऱ्यानं उत्तर लिहिल्यावरच उघडायचं. कार्डाशी जुळलं नाही आणि दोघांनाही का ते कळेना तर हात वर, मी जातो. कार्ड नसलं तर चुकीचं गणित दोघांच्याही डोक्यात पक्कं होतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

आता जोड्या. अमेरिकेत व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात लिन आणि डग्लस फुक्स यांनी पाल्स नावाची पद्धत बसवली, त्यातला जोड्यांचा नियम मी घेतला. सुरुवातीच्या चाचणीच्या मार्कांनी यादी लावायची, मधोमध दोन भाग करायचे, वरच्या भागातला पहिला आणि खालच्या भागातला पहिला अशी जोडी. माझ्या वर्गात 40 लेकरं, म्हणजे 1 सोबत 21, 2 सोबत 22, असं करत 20 सोबत 40. पहिला आणि चाळिसावा यांच्यातलं अंतर इतकं असतं की वरच्याला खालच्याची अडचणच समजत नाही, तो वैतागतो आणि उत्तर सांगून मोकळा होतो. विसावा स्वतः दोन महिन्यांपूर्वी त्याच जागी अडलेला असतो, त्याला ती जागा ठाऊक असते. आधी वरचा शिकवतो, पंधरा मिनिटांनी अदलाबदल, पेनही बदलतं. ही यादी माझ्या वहीत असते, भिंतीवर कधीच लावत नाही, आणि "हुशार" "कच्चा" हे शब्द वर्गात बोलत नाही.

यादी कागदावर तयार झाली की मग आपल्या भागाचा विचार करून ती हलवावी लागते. एका घरचे चुलतभाऊ एकत्र नकोत, घरची भांडणं वर्गात येतात. पोरींची जोडी शक्यतो पोरीशी, नाहीतर गावात उगाच चर्चा होते आणि ती पोरगी तोंडच उघडत नाही. तांड्यावरची काही लेकरं घरी गोरमाटी बोलतात, मराठीत "कसं केलंस ते सांग" याचं उत्तर देताना अडतात, तर निदान पहिल्या फेरीत त्यांचा जोडीदार तांड्यावरचाच दिला की ती बोलती होतात. दर चार आठवड्यांनी जोड्या बदलतो.

पण सगळ्यात मोठी अडचण ऊसतोडीची. दुसऱ्या वर्षी मी दिवाळीआधी जेमतेम सुरू केलं, आणि दिवाळी झाली की टोळ्या निघाल्या, 20 जोड्यांपैकी 7 जोड्यांत एक जण आईबापासोबत कारखान्यावर गेला. मागं राहिलेली लेकरं नुसती बसून. तेव्हापासून सगळं वेळापत्रक उलटं मांडलं: जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू, सप्टेंबरअखेर संपवायचं, आठवड्यात तीन तासिका. पोळा, 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन असे दिवस वजा जाऊन साधारण 26 ते 28 तासिका मिळतात. शाळा सुटल्यावर घेऊ म्हणाल तर आमच्याकडं ते जमत नाही, पोरींची मानव विकासची निळी बस ठरलेल्या वेळी निघते आणि ती चुकली तर घरी जायला दुसरं काही नाही. गैरहजेरीसाठी तिघांचा गट करायचा, तिसऱ्याच्या हातात कार्ड, आणि चार लेकरं कुठल्याही जोडीत जाऊ शकतील अशी तयार ठेवायची.

त्या वर्षी एका आईनं मला येऊन विचारलं, "सर, माझी पोरगी शिकायला पाठवलीय, शिकवायला नाही, तिचं काहून नुकसान करायलेत?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण मी फक्त मागच्या लेकरांचे मार्क ठेवले होते. आता वरच्या निम्म्या यादीचं मोजमाप वेगळं ठेवतो, आणि चाचणीत दोन प्रश्न "असं का, शब्दांत लिहा" असे टाकतो. तिथं शिकवणाऱ्या लेकरांची उत्तरं स्पष्ट सुधारलेली दिसली, आणि ते पेपर मी पालकांना समोर ठेवून दाखवतो.

मूल्यमापनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण इथं आपण स्वतःलाच फसवतो. तिसऱ्या वर्षी 20 मार्कांची चाचणी जुलैत घेतली आणि सप्टेंबरअखेर तशीच, आकडे बदलून. दोन्ही चाचण्या दिलेल्या लेकरांचेच मार्क धरले, 38 लेकरं. सरासरी 7.8 वरून 13.1 झाली. म्हणजे 5.3 ची वाढ, आणि एवढ्यावर थांबून मी मुख्याध्यापकांना अहवाल देऊ शकलो असतो. पण ब तुकडीत जोड्या नव्हत्या, तिथं तेवढ्याच तासिका मी नेहमीसारखा फळ्यावर सराव घेतला होता, आणि त्यांची सरासरी 8.1 वरून 11.0 झाली. म्हणजे 2.9 तर नुसत्या सरावानं वाढतात. जोड्यांच्या नावावर फार तर 2.4 मार्क टाकता येतील, आणि तेही जपून, कारण तुकड्या मी चिठ्ठ्या टाकून पाडल्या नव्हत्या आणि दोन्हीकडं शिकवणारा मीच होतो. दुसरी तुकडी नसेल तर निदान एक गोष्ट ध्यानात ठेवा: एखादं लेकरू चाचणीच्या दिवशी आजारी असतं, उपाशी असतं, म्हणून अगदी तळाला जातं, ते पुढच्या वेळी आपण काही न करताही वर येतं. फक्त तळाच्या दहा जणांची वाढ दाखवली तर ती नेहमीच भारी दिसते. इंग्लंडमध्ये शेअर्ड मॅथ्स नावानं मोठी मुलं लहानांना गणित शिकवतात असा मोठा प्रयोग झाला, 2015 मध्ये त्याचं मूल्यमापन आलं, आणि तुलनेच्या शाळांपेक्षा काही फरक निघाला नाही. शाळा उत्साहानं चालवत होत्या तरी. तुलना केली म्हणूनच ते कळलं.

मार्कांपेक्षा मला चुका मोजणं जास्त कामाला आलं. −3 − 5 ला 8 लिहिणारी लेकरं अ तुकडीत जुलैत 23 होती, सप्टेंबरात 9. ब तुकडीत 36 पैकी 21 होती, ती 15 झाली. यातून नेमकी कुठली गोष्ट हलली ते दिसतं. शिवाय रोज चार जोड्यांशेजारी दोन-दोन मिनिटं उभा राहून तीनच खुणा करतो: पेन कुणाच्या हातात, "कसं केलंस" विचारलं का, उत्तर सांगितलं का. चौथ्या आठवड्यानंतर लेकरं ढिली पडतात, या खुणांत ते आधी दिसतं, मार्कांत फार उशिरा. तेव्हा ट्रेनिंगचा पहिला तास परत घ्यायचा, मी परत अडून बसणारा विद्यार्थी.

जे हललं नाही तेही सांगतो. शाब्दिक उदाहरणांत दोन्ही तुकड्या सारख्याच राहिल्या. माझ्या मते कारण असं की आमचा इशारा आकडेमोडीसाठी बनवलेला आहे, वाक्य वाचून "यात काय विचारलंय" इथंच अडलेल्या लेकराला शेजारच्यानं काय विचारावं हे मी शिकवलंच नव्हतं. या जुलैत ट्रेनिंगला पाचवा तास वाढवतोय, त्यात गणित सोडवायचंच नाही, जोडीदारानं वाक्य आपल्या बोलीत परत सांगायचं, आणि तोवर पेनाचं टोपण काढायचं नाही.