कोल्हापुरी चप्पलच्या पार्सलमधली थँक्यू चिठ्ठी कशी लिहायची

नुसतं "खरेदीबद्दल धन्यवाद, ५ स्टार द्या" असं छापलेलं कार्ड बॉक्सबरोबर थेट कचऱ्यात जातंय. चिठ्ठी कामाची पायजे, आणि आपल्या चप्पलला कामाचं सांगण्यासारखं लई आहे. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते हे आपल्याकडं पोरासोरांना माहितेय, पण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं, मग तो पहिल्याच दिवशी घालून बाहेर फिरतो, पायाला फोड येतो आणि रात्री २ स्टार ठोकून मोकळा होतो.

म्हणून आधी वापरायचं कसं ते लिहा, आभार एका ओळीत बास. समजा कापशी चप्पल ८ नंबर पाठवताय, तर असं:

"नमस्कार ताई, ऑर्डरबद्दल आभार. पहिले चार-पाच दिवस घरातच थोडा थोडा वेळ घाला. पट्टा घासला तर आतून थोडं खोबरेल लावा. पावसात घालू नका, भिजलीच तर सावलीत वाळवा. साईज चुकली तर बाहेर घालायच्या आधी कळवा, बदलून देऊ. आठ-दहा दिवस वापरून चांगलं-वाईट जे वाटेल ते रिव्ह्यूत लिहा. तुमच्या पायाचं माप आमच्या वहीत आहे, पुढच्या वेळी फक्त डिझाईन सांगा."

नाव आणि चप्पलचा नंबर पेनानं लिहा, बाकी छापलं तरी चालतंय. आठ-दहा दिवस मुद्दाम म्हटलंय, तोवर चामडं पायाला बसतं आणि रिव्ह्यू खऱ्या वापराचा येतो. आणि वहीतलं माप खरंच ठेवा हां, परत ऑर्डर यायला १० टक्के कूपनपेक्षा मला तेच जास्त भरवशाचं वाटतं.

आता रिव्ह्यूची भानगड. "५ स्टारचा स्क्रीनशॉट पाठवा, ५० रुपये घ्या" हे लिहू नका. अ‍ॅमेझॉनवर असं चालत नाही, अकाउंट अडकू शकतं. "आवडलं तर रिव्ह्यू द्या, नाही आवडलं तर आम्हाला फोन करा" हे दिसायला साधं आहे, पण तेही नको, कारण नाराज माणसाला तुम्ही बाजूला काढताय. कूपन द्यायचंच असेल तर सगळ्यांना द्या, रिव्ह्यूशी त्याचा संबंध नको. अ‍ॅमेझॉनच्या पार्सलमध्ये "पुढची ऑर्डर थेट व्हॉट्सअ‍ॅपवर द्या" हेपण चालत नाही, त्यामुळं त्या चिठ्ठीतून वहीची ओळ काढा आणि साईज बदलायला तिथल्याच रिटर्नचा रस्ता सांगा. व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि वही आपल्या थेट ऑर्डरसाठी.

छापताना ए४ च्या कार्डशीटचे चार तुकडे करा, तेवढा साईज पुरतो. कागद चकचकीत नको, पेनची शाई पसरते. चिठ्ठी चप्पलला चिकटून ठेवू नका, चामड्याचं तेल लागून डाग पडतात. चप्पल कागदात गुंडाळा आणि चिठ्ठी वर, बॉक्स उघडल्या उघडल्या दिसेल अशी ठेवा.