माणसं सरकवायची, कठडा नाही

बडोद्याला रावपुऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओत लागून मला दुसराच महिना होता. दांडिया बाजारातल्या एका मराठी कुटुंबाचा मुंजीचा फोटो आला. ओसरीवर ओळीने सात जण, मागे उभ्या गजांचा लोखंडी कठडा, पायाखाली काळ्या-पांढऱ्या लाद्या. मधला, चौथा माणूस काढायचा आणि ओळ जुळवायची. का काढायचा, ते आमच्याकडे विचारत नाहीत.

मी फोटोशॉपमध्ये सगळे नवशिके करतात तेच केलं. चौथ्याला कापलं, त्याच्या उजवीकडचा सगळा फोटो, माणसं, कठडा, जमीन असा एकत्र उचलला आणि डावीकडे ढकलला. गज दर ६० पिक्सेलवर होते आणि मोकळी जागा साधारण ३९० ची. म्हणून ४२० सरकवलं, म्हणजे बरोबर सात गज. कठडा असा जुळला की सांधा मलाही सापडेना. मी खूश.

स्टुडिओचे मालक काका मागे येऊन उभे राहिले. "वर काय बघतोस? पायाकडे बघ."

लाद्यांच्या रेघा मोडल्या होत्या. हा कठडा कॅमेऱ्याला समांतर होता, त्यामुळे गजांमधलं अंतर सगळीकडे सारखं राहतं आणि पूर्ण गजांच्या हिशेबाने सरकवलं की तो जुळतो. जमीन तशी नाही. आपल्यापासून लांब जाणाऱ्या रेघा एका बिंदूकडे झुकतात. मधल्या जवळपास सरळ, कडेच्या जास्त तिरक्या. उजवी बाजू मध्ये आणली की तिरकी रेघ सरळ रेघेला येऊन भिडते. किती पिक्सेल सरकवता यावर ते अवलंबूनच नाही. कुठल्याच आकड्याने जुळणार नाही.

मग पुन्हा सुरुवात. मूळ फोटो खाली तसाच ठेवला. पाचवा, सहावा, सातवा यांना काटेकोर निवडून Ctrl+J ने वेगळ्या लेयरवर घेतलं. हात आणि कंबर यांच्यामधल्या फटीही कापल्या, नाहीतर जुने गज सोबत येतात. आता मागचं काहीच हलत नव्हतं, त्यामुळे किती सरकवायचं हे गजांनी नाही, तिसऱ्या माणसाच्या कोपराने ठरवलं. चौथा त्याच्या थोडा पुढे उभा होता, म्हणून ते कोपर फोटोत नव्हतंच. पाचव्या जागेवरच्या मावशींना ४३० सरकवलं आणि त्यांच्या खांद्याआड ते अर्धं कोपर झाकलं. नसलेला अवयव रंगवत बसण्यापेक्षा त्याच्यासमोर कोणीतरी उभं करणं केव्हाही सोपं.

या पद्धतीत भोक नाहीसं होत नाही, त्याची जागा बदलते. चौथ्याच्या जागी मावशी आल्या आणि रिकामी जागा उजव्या टोकाला गेली. तिथे कठडा आणि लाद्या मोकळ्या दिसत होत्या, म्हणजे भरायला माल हाताशी. क्लोन स्टॅम्पने Alt दाबून नमुना घेताना गजाच्या कडेवरच घ्यायचा आणि दुसऱ्या गजाच्या कडेवरच टेकवायचा. लाद्यांचा नमुना मात्र आडव्या रेघेत घेता येत नाही, झुकाव बदलतो. तो तुकडा Ctrl+T ने तिरका करून बसवला. नाहीच जमलं तर तेवढी कड कापून टाका, पण छापायच्या मापाचं प्रमाण आधी बघा. मधल्या भागात मात्र डोकी, पाय आणि फटी यांतून जे उघडं दिसतं तेवढंच भरायचं. माणसांमागचा कठडा पूर्ण करण्यात माझी एक दुपार फुकट गेली.

पायांच्या सावल्या लाद्यांसकट आणता येत नाहीत. जुन्या पुसल्या आणि मल्टिप्लाय लेयरवर मऊ ब्रशने नव्या काढल्या. सावली नसली की माणूस तरंगतो.

सगळ्यात छळलं ते मावशींच्या खांद्यावरच्या चौथ्याच्या बोटांनी. मी दुसरा खांदा उलटा करून लावायला निघालो होतो. पदर डाव्या खांद्यावर, उजव्यावर नुसतं ब्लाउज! काकांनी गिऱ्हाइकाला फोन लावून त्याच वेळचे बाकीचे फोटो मागवले. एकात तो हात खाली होता. तिथून पदर उचलला. तेव्हापासून मी काम घेतानाच सगळे फोटो मागतो.

शेवटी कर्व्ह्जचा एक लेयर तात्पुरता वर टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवला. भरलेले डाग त्यात उघडे पडतात. उजव्या टोकाला दोन सापडले. मग फोटो आडवा उलटवून पाहिला, कारण तासन्‌तास बघून डोळा सरावलेला असतो.

काकांनी मात्र हात मोजले. सहा माणसं, तेरा हात. तिसऱ्याच्या कमरेवर चौथ्याची चार बोटं तशीच राहिली होती.