वॉरंटी ट्रॅकरमधला ‘रिपीट’ कॉलम: नागपुरात सर्व्हिस सेंटरला नवीन लागलेल्यांसाठी

नागपुरात एसीच्या सर्व्हिस सेंटरला कोऑर्डिनेटर म्हणून लागलात की वॉरंटी ट्रॅकरची शीट तुमच्या गळ्यात पडणारच. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की कॉल एवढे येतात की मॉडेल, पार्ट, तारखा कशाबशा भरल्या जातात आणि ‘रिपीट’चा कॉलम, म्हणजे तेच मशीन परत बिघडून आलं का याचा, तसाच रिकामा राहतो. माझ्या मते खरं काम तिथंच आहे नं भाऊ, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

रिपीट पकडायचा तो सिरियल नंबरवरून, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून नाही, कारण पहिला कॉल नवरा करतो आणि दुसरा बायको किंवा भाडेकरू. आता स्प्लिट एसीला इनडोअरचा सिरियल वेगळा आणि आउटडोअरचा वेगळा असतो, एका टेक्निशियनने एक लिहिला दुसऱ्याने दुसरा, की शीटला ती दोन वेगळी मशीन वाटतात. आउटडोअरचा पार्ट असेल तर आउटडोअरचाच सिरियल, तोही स्टिकरचा फोटो घेऊन, हे पक्कं ठरवून टाका. सिरियल नुसता आकड्यांचा आणि १५ पेक्षा जास्त अंकांचा असेल तर पुढे एक अक्षर लावा, नाहीतर एक्सेल शेवटचे अंक खातो आणि दोन वेगळे सिरियल एकच समजतो.

माझ्या शीटमध्ये A तक्रारीची तारीख, B सिरियल, C मॉडेल, D पार्ट ऑर्डर, E पार्ट आला, F क्लोज, G पार्ट. एका जॉबला दोन पार्ट बदलले तर दोन ओळी. मागच्या ९० दिवसांत त्याच मशीनचा तोच पार्ट बदलला होता का ते असं निघतं:

```
=COUNTIFS(B:B,B2,G:G,G2,F:F,"<"&A2,F:F,">="&A2-90)
```

`"<"` च्या जागी `"<="` टाकू नका, कारण त्याच दिवशी क्लोज झालेला जॉब स्वतःलाच रिपीट म्हणून मोजतो. सकाळी क्लोज करून संध्याकाळी परत आलेली तक्रार मात्र यात सुटते, ती हाताने मार्क करायची.

याच्या बाजूला अजून एक कॉलम ठेवा, तोच फॉर्म्युला पण `G:G,G2,` काढून, म्हणजे तेच मशीन पण पार्ट कोणताही. हा काऊन पाहिजे ते एका केसवरून सांगतो.

दीड टनाचं एक इन्व्हर्टर मॉडेल होतं, त्याचे आउटडोअर पीसीबी, म्हणजे बाहेरच्या युनिटचे कंट्रोल बोर्ड, परत परत जात होते. सगळे म्हणायचे पीसीबीचा लॉटच खराब आला. मानेवाड्याच्या एका मशीनची तक्रार २ मे ला आली, पार्ट ४ ला ऑर्डर, ११ ला आला, १३ ला क्लोज. ३ जूनला परत बंद. या वेळी दुसरा टेक्निशियन गेला, त्याने पीसीबीसोबत फॅन मोटरही बदलली आणि ९ जूनला क्लोज केलं, त्यानंतर ते मशीन आलं नाही. मग त्या मॉडेलचे सगळे रिपीट सिरियलप्रमाणे लावले तर बहुतेकांत हाच क्रम दिसला, आधी नुसता पीसीबी, नंतर पीसीबी आणि मोटर. म्हणजे मोटर आतून शॉर्ट होती आणि नवीन पीसीबीला सप्लाय देताच तीच त्याला जाळत होती. लॉटचा दोष असता तर मोटर न बदलताही रिपीट थांबले असते किंवा मोटर बदलून थांबले नसते.

तेव्हापासून पीसीबी बसवायच्या आधी मोटरचा कनेक्टर काढून मीटरने शॉर्ट तपासायचा आणि रीडिंग जॉबशीटवर लिहायचं, रीडिंग नसेल तर मी ओळ क्लोज करत नाही. मेन बंद करून कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याशिवाय हात लावायचा नाही हे तर आलंच, आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं.

प्रत्येक वेळी मोटरच असते असंही नाही बरं का. पाल किंवा मुंग्या बोर्डावर जातात, कुठं व्होल्टेज एवढं पडतं की बोर्ड टिकत नाही. म्हणून मॉडेलवर ठपका ठेवायच्या आधी रिपीट एकाच भागातले किंवा एकाच टेक्निशियनचे आहेत का ते पाहा, आणि नुसता आकडा नको, त्या मॉडेलच्या एकूण क्लेममध्ये रिपीट किती ते पाहा, जास्त विकलेलं मॉडेल नुसत्या आकड्यात नेहमीच वाईट दिसतं.

दिवसांचंही या रिपीटशी नातं आहे. मानेवाड्याच्या केसमध्ये शीट म्हणते एक जॉब ११ दिवस, एक ६, सरासरी साडेआठ, पण घरचा एसी बंद होता १७ दिवस. म्हणून रिपीटवाल्या सिरियलचे दिवस मी बेरीज करूनच दाखवतो. पहिल्या ११ मध्ये २ दिवस ऑर्डर टाकायला गेले, ७ पार्ट यायला, २ बसवायला. यातल्या ७ चा जाब कंपनीकडे मागायचा, बाकीचे ४ आपल्या ऑफिसचे. अजून ओपन असलेले जॉब सरासरीत येतच नाहीत, त्यांची वेगळी यादी काढून सर्वात जुना कॉल वर ठेवा, मॅनेजर आधी तीच बघतो.